घार की गरुड? एकाच पक्ष्याचे चार फोटो, घरात चार मतं

माळावरचा_किरण | रविवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. केज तालुक्यात धनेगावच्या बाजूला, मांजरा धरणापासून थोडं अलीकडे आमचं शेत आहे. सध्या ऊसतोड चालू आहे. फड मोकळा होतो तसे उंदीर बाहेर पडतात आणि वर आभाळात गर्दी जमते. आज सकाळी दहाच्या सुमाराला एक तपकिरी पक्षी बराच वेळ घिरट्या घालत होता. त्याचे चार फोटो टाकतोय.

पहिल्यात तो बाजूने जातोय, पंख मधेच वाकलेले आहेत, शेपटी मिटलेली. दुसऱ्यात बरोबर डोक्यावर, पंख पूर्ण पसरलेले, शेपटी उघडलेली, पण सगळा काळाच आलाय. तिसऱ्यात समोरून येतोय. चौथ्यात वळला तेव्हा पाठ दिसली.

वडील म्हणतात घार. फडावरचा मुकादम म्हणतो गरुड, आणि तो छातीठोकपणे म्हणतो. चुलतभाऊ पुण्याला असतो, त्याने बघितल्याबरोबर 'हॉक' म्हणून पाठवलं. मला नाव हवंच आहे, पण त्याहून जास्त हे हवंय की पंख, शेपटी, डोकं यावरून तुम्ही लोक ठरवता कसं?

---

परभणीचा_पंक्चरवाला | ९:२२

मुकादम म्हणतो गरुड, तर गरुडच. उचल दिलेली असते, वाद घालू नका.

---

बोटं_मोजा | ९:३५

सोपं आहे. पंखाच्या टोकाला जी सुटी पिसं दिसतात ती मोजायची. त्यांनाच आम्ही बोटं म्हणतो. शिक्र्याला पाच, मोठ्या गरुडांना सात. तुझ्या दुसऱ्या फोटोत मी झूम करून सहा मोजली. म्हणजे शिक्रा बाद, मोठा गरुडही बाद. उरली घार. विषय संपला.

---

लातूरची_शैलामावशी | ९:४१

किरण, घार असेल तर जपून रे बाबा. आमच्या गच्चीवर मागच्या महिन्यात नातवाच्या हातातली पोळी उचलून नेली. नखाचा ओरखडा उठला त्याच्या बोटावर. यावर कोणी काही उपाय सांगेल का? चकचकीत फिती बांधल्या, काही फरक नाही. शेजारचे म्हणतात काळी छत्री टांगा.

---

नाथसागर | १०:०५

किरणराव, चांगले फोटो आहेत, आणि चांगले यासाठी म्हणतो की चार वेगवेगळ्या कोनांतून आहेत. सहसा लोक एक फोटो टाकतात आणि तोही नेमका बुडाचा.

'बोटं मोजा' यांचं शिक्र्याबद्दलचं बरोबर आहे. शिक्रा कबुतराएवढा, पंख आखूड आणि गोलसर, शेपटी अंगाच्या मानाने लांब. चारपाच वेळा भराभर पंख मारतो, मग थोडा तरंगतो. किरणच्या चारही फोटोंत पंख लांब आहेत. तेव्हा भावाचा 'हॉक' आत्ताच बाजूला ठेवू.

पण सहा बोटांवरून घार ठरत नाही. घारीला सहा आणि बूटेड ईगललाही सहाच. मराठवाड्यात हिवाळ्यात घारीशी घोळ होतो तो नेमका याच गरुडाशी, तेही त्याच्या काळपट रूपाशी. त्यामुळे बोटांनी जिथे मदत करायला हवी तिथेच ती हात वर करतात. मोठे गरुड घारीशी तसेही गल्लत होण्यासारखे नसतात, त्यांचे पंख दारांच्या फळ्यांसारखे रुंद दिसतात.

किरणराव, दुसरा फोटो मूळ फाइलमधून थोडा उजळ करून टाकता का? काळ्या ठिपक्यावर बोलण्यात अर्थ नाही.

---

बोटं_मोजा | १०:१२

बूटेड ईगल म्हणजे ईगल आहे ना? मग घारीपेक्षा मोठा दिसायला नको का? आकारावरूनच कळेल की.

---

नाथसागर | १०:२४

हीच तर गंमत आहे. बूटेड ईगल घारीएवढाच असतो, पंखांचा पसारा तर बऱ्याचदा घारीपेक्षा कमीच भरतो. त्याचा साधारण ११० ते १३५ सेंटीमीटर, आपली घार सहज १३०-१४०च्या पुढे जाते. नावात गरुड आहे म्हणून आभाळात मोठा दिसत नाही. आणि निळ्या आभाळात एकटा पक्षी असेल तर आकार ठरवायचा कशावरून? शेजारी कावळा असेल आणि दोघं एकाच उंचीवर असतील, तरच थोडाफार अंदाज येतो. फोटोत तर तेही फसवं, लांब लेन्स मागचं पुढचं एका पातळीवर आणून ठेवते.

---

परभणीचा_पंक्चरवाला | १०:२६

म्हणजे पैलवान आडनावाचा माणूस पैलवान असतोच असं नाही.

---

टेलीफोटो_तात्या | १०:५०

दुसरा फोटो काळा का आला ते मी सांगतो, कारण नव्वद टक्के लोकांचं इथेच बिघडतं. मागे पांढरंफट आभाळ, मधे छोटा गडद पक्षी. कॅमेरा आभाळ बघून उजेड कमी करतो आणि पक्षी कोळसा होतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +१ वर ठेवायचं, ढगाळ दिवस असेल तर +१.७ किंवा +२ पर्यंतही न्यायचं. आभाळ पांढरं पडलं तर पडू दे, आपल्याला पंखाखालचे रंग हवेत. शटर १/१६०० च्या खाली आणू नका, घिरटीत पक्षी संथ वाटतो पण पंखाचं टोक हलत असतं.

आणि किरण, फडाजवळ उभा होतास ना? जमीन फिकी असेल, पाचट पसरलेलं असेल, तर दहाअकरा वाजता खालून परावर्तित उजेड पंखाखाली जातो. त्याच कारणाने पक्षी ओल्या काळ्या रानावर असतो तेव्हा पोट काळं येतं. माळावर पांढुरका मुरूम असेल तिथे उभं राहा, फरक बघ.

रॉ फाइल असेल तर फक्त शॅडो वर उचल. कॉन्ट्रास्टला हात लावू नकोस.

---

माळावरचा_किरण | ११:१५

तात्या, रॉ होती. शॅडो उचलून दुसरा फोटो परत टाकलाय. आता पंखाखाली काहीतरी दिसतंय. पंखाचा मागचा भाग काळपट आहे, पण मधे, बोटं संपतात तिथून आतल्या बाजूला एक फिकी पाचर आहे. शेपटी अंगापेक्षा फिकी, तिच्यावर पट्टे नाहीत.

शैलामावशी, छत्रीचं माहीत नाही, पण गच्चीवर खायचं उघडं नेऊ नका एवढंच सांगू शकतो.

---

नाथसागर | सोमवार, सकाळी ६:४०

काय कामाचा फोटो केलात! रात्री उशिरा बघितला, म्हणून उत्तर सकाळी देतोय.

आधी शेपटी. सगळ्यांना शिकवलेलं असतं की घारीची शेपटी दुभंगलेली. ते खरं आहे, पण शेपटी मिटलेली असेल तेव्हा. घार वळायला लागली की ती शेपटी पसरते आणि पूर्ण पसरली की मधली खाच जवळजवळ नाहीशी होते, कड सरळ दिसते. मग लोक म्हणतात खाच नाही, म्हणजे गरुड. खाच शोधू नका, कोपरे बघा. घारीच्या उघड्या शेपटीचे दोन्ही कोपरे टोकदार राहतात, शेपटी त्रिकोणी दिसते. बूटेड ईगलचे कोपरे गोल होतात, कड किंचित बाहेर फुगते. तुमच्या दुसऱ्या फोटोत डावा कोपरा नीट दिसतो आणि तो गोल आहे.

घारीच्या शेपटीची दुसरी सवय फोटोत पकडता येते. ती शेपटी सुकाणूसारखी सतत मुरडते, एक बाजू वर, एक खाली. अंगाच्या सपाटीशी शेपटी तिरकी दिसली की घारीकडे झुकायला हरकत नाही. बूटेडची शेपटी अंगाशी सपाट राहते.

आता ती फिकी पाचर. बूटेडच्या काळपट रूपात पंखाखाली आतल्या बोटांपाशी अशी फिकी जागा असते. घारीलाही पंखाखाली फिकी जागा असते, पण ती बाहेरच्या बोटांच्या मुळाशी, मनगटाच्या पुढे. जागा कुठे आहे ते बघायचं, आहे की नाही ते नाही. दुसऱ्या फोटोत पाचर आत आहे.

तिसरा फोटो अजून मोठा करून बघा, मान आणि पंख जिथे जुळतात तिथे. मी काही बोलत नाही, काय दिसतं ते सांगा.

---

माळावरचा_किरण | ७:२०

दोन पांढरे ठिपके! मानेच्या दोन्ही बाजूंना, पंखाच्या पुढच्या कडेला. मला वाटलं होतं उन्हाची चमक आहे.

---

टेलीफोटो_तात्या | ७:४५

चमक नाही. चमक असती तर सूर्य ज्या बाजूला आहे त्याच बाजूला आली असती. दोन्हीकडे सारखे आहेत.

---

नाथसागर | ८:०५

हेच ते. बूटेड ईगल समोरून येताना हे दोन दिवे लागलेले असतात. फिकं रूप असो की काळपट, दिवे दोघांनाही. घारीला ते नसतात. पण अगदी बरोबर कोन लागतो, किंचित बाजूने आला तरी एकच दिसतो किंवा दिसतच नाही. म्हणून दिवे दिसले नाहीत तर काहीच सिद्ध होत नाही.

चौथ्या फोटोत पाठीवर शेपटीच्या मुळाशी फिकी चंद्रकोर आहे, तीही बूटेडची. पंखाच्या वरच्या बाजूला जो तिरका फिका पट्टा दिसतोय त्यावर मात्र जाऊ नका. तो घारीलाही असतो, आणि कित्येक घारी त्या पट्ट्यावरून गरुड म्हणून फेसबुकवर चढलेल्या आहेत.

---

दख्खनी_माळ | ११:३०

उशिरा आलो. दुसरा, तिसरा, चौथा फोटो बूटेड आहे, मान्य. पण धाग्याचं नाव 'एकाच पक्ष्याचे' असं आहे आणि मला ते पटत नाही.

पहिल्या फोटोत पंख मनगटात चांगलेच वाकलेत आणि बाहेरचा भाग खाली झुकलेला आहे. समोरून बघितलं तर घारीचे पंख असे कमानीसारखे दिसतात. बूटेड तरंगताना पंख सपाट धरतो आणि थोडे पुढे रेटतो. शिवाय शेपटी अंगाला तिरकी आहे. नाथसागर, तुम्हीच सकाळी मुरडण्याचं लिहिलंत.

---

बोटं_मोजा | ११:४२

पण एका क्षणाचा फोटो आहे. बूटेडने तेव्हा पंख खाली मारला असेल तर वाकलेला दिसेलच की.

---

दख्खनी_माळ | १२:१०

हा आक्षेप योग्य आहे. पंख मारताना कोणताही पक्षी कोणत्याही आकाराचा दिसतो, त्यामुळे एकट्या वाकण्यावर मी पैज लावणार नाही.

म्हणून दुसरी गोष्ट बघा. पहिल्या फोटोत डाव्या पंखाला बाहेरून तिसरं बोट नाही. तिथे सरळ खाच आहे, आरपार आभाळ दिसतं. दुसऱ्या फोटोत डावा पंख पूर्ण उघडा आहे आणि सहाच्या सहा बोटं जागेवर आहेत. गळालेलं असो की तुटलेलं, पीस काही मिनिटांत उगवत नाही. किरण, फाइलांच्या वेळा सांग.

---

माळावरचा_किरण | १:०५

पहिला फोटो १०:०४, दुसरा १०:०९, तिसरा आणि चौथा १०:१० आणि १०:११. मधे ट्रॅक्टर आला म्हणून मी कॅमेरा खाली घेतला होता. वर दोनतीन पक्षी होते, नंतर जो दिसला त्याच्यावर परत लावला.

---

परभणीचा_पंक्चरवाला | १:०८

म्हणजे वडीलही बरोबर, मुकादमही बरोबर. ही खरी मराठवाडी तडजोड. फक्त पुण्याचा भाऊ चुकला.

---

नाथसागर | १:३०

दख्खनी, वा! मी दुसऱ्या फोटोतच अडकलो होतो, पहिल्याकडे बघितलंच नाही नीट. तुटलेलं पीस हा आधार कार्ड नंबर समजा. एकाच जागी घिरट्या घालणाऱ्या घारींत कोण कोण आहे हे मी जायकवाडीला असंच वेगळं करतो. आणि फोटो ओळखायला टाकताना मधली एकही फ्रेम गाळू नये ती याचसाठी. लोक चार चांगले फोटो निवडतात, क्रॉप करतात, आणि दोन पक्ष्यांचा मिळून तिसराच तयार होतो. त्याला घारीची शेपटी आणि गरुडाचे पंख. मग कोणतंही पुस्तक उघडा, सापडत नाही.

---

लातूरची_शैलामावशी | २:१५

तुमचं चाललंय ते वाचतेय, समजतंय थोडं थोडं. मग माझ्या गच्चीवरची कोण? फोटो नाही, पण पोळी उचलून नेली म्हणजे गरुड तर नसेल?

---

दख्खनी_माळ | २:३०

मावशी, गावात गच्चीवर येऊन हातातलं उचलणारी ती घारच. बूटेड ईगल जिवंत शिकार करतो, पारवे, चिमण्या, सरडे. पोळीवर त्याचं लक्ष नसतं. सध्या घारींचे घरट्याचे दिवस आहेत, जवळच्या निंबावर, वडावर किंवा टॉवरवर काटक्यांचं घरटं आहे का बघा. तसं असेल तर पिल्लं उडेपर्यंत गच्चीवर छोट्या मुलाला खायला घेऊन एकटं सोडू नका. फितींना त्या दोन दिवसांत सरावतात.

---

तुळजापूर_सायकलस्वार | ४:५०

वरचं वाचून माझाही एक विचारतो. नळदुर्ग रस्त्याच्या कडेला मोठा माळ आहे, तिथे एक पक्षी हवेत एकाच जागी थांबून खाली बघत होता, मधेमधे पंख मारत. खालून जवळजवळ पांढरा. मी 'कापशी घार' म्हणून ग्रुपवर टाकला, कारण कापशी अशी थांबते हे माहीत होतं. फोटो जोडलाय. लांबून आहे, सांभाळून घ्या.

---

नाथसागर | ६:१५

थांबण्यावरून तुमचा अंदाज गेला तो अगदी स्वाभाविक आहे, कापशी तशीच थांबते. पण तुमच्या फोटोत डोकं बघा. डोकं मोठं, गोल, घुबडासारखं, मानेपासून वेगळं उठून दिसतं. डोकं आणि छातीचा वरचा भाग तपकिरी, जणू टोपरं घातलंय, त्याखाली पोट पांढरं. शेपटीवर तीन ठळक आडवे पट्टे. हा सापमार गरुड. कापशी पारव्याएवढीच, खांद्यावर काळा डाग, शेपटी पांढरी आणि पट्टे नाहीत.

डोक्याच्या आकाराबद्दल कोणी फार बोलत नाही, म्हणून इथे थोडं लांबवतो. लांबच्या फोटोत रंग जातो, पट्टे जातात, पण डोकं पंखांच्या पुढे किती येतं आणि कसं येतं हे काळ्या सावलीतही राहतं. सापमारचं डोकं जड आणि गोल. घारीचं लहान, चोच बारकी, पंखांच्या मानाने डोकं किरकोळ वाटतं. बूटेडचं त्यापेक्षा भरीव, मान जाड, चोच आखूड पण दणकट. किरणचा पहिला आणि चौथा फोटो शेजारी शेजारी ठेवा आणि फक्त डोकी बघा, बाकी अंगठ्याने झाका.

---

बोटं_मोजा | ६:४०

अंगठ्याने झाकून बघितलं. फरक आहे. पण खरं सांगायचं तर, आधी माहीत असल्यामुळे दिसतोय. नुसतं डोकं दाखवलं असतं तर मी नाणेफेक केली असती.

---

दख्खनी_माळ | ७:००

बरोबर बोललात. सापमार सोडला तर नुसत्या डोक्यावर मीही नाव लिहीत नाही. घार आणि बूटेडमध्ये डोकं म्हणजे फार तर तिसरा साक्षीदार. नाथसागरांचे डोळे पक्के आहेत, सगळ्यांना ते जमणार नाही. माझा क्रम असा: शेपटीचे कोपरे, मग फिक्या जागेचं ठिकाण, मग समोरून फोटो मिळाला तर दिवे.

---

नाथसागर | ७:२०

मला डोकं आधी दिसतं, काय करू. ज्याची त्याची सवय.

---

टेलीफोटो_तात्या | ७:५५

पाठ आणि वरची बाजू ज्यांना बघायची आहे त्यांनी हिवाळ्यात सकाळी देवगिरी किल्ल्यावर चढावं. उन्हं तापली की कड्याला लागून गरम हवा वर येते आणि पक्षी तुमच्या डोळ्यांच्या पातळीला, कधी पायाखाली फिरतात. शेपटीच्या मुळाची ती चंद्रकोर खालून कधीच दिसत नाही, तिथे बघायला मिळते. फक्त वर जाऊन +१ तसंच ठेवू नका. मागे आभाळ नसून काळा खडक असेल तर कॅमेरा उलटा उजेड वाढवतो, फिका पट्टा जळून पांढरा होतो आणि मग घारीलाही चंद्रकोर आल्यासारखी वाटते. तिथे शून्य किंवा उणे.

---

माळावरचा_किरण | ८:४०

सगळ्यांचे आभार. वडिलांना दोन्ही फोटो दाखवले. ते म्हणाले, "घारच म्हणत होतो मी." मुकादमाला उद्या दाखवतो, तो काय म्हणेल ते मला आत्ताच माहीत आहे.

एक राहिलं. पहिल्या फोटोची पण शॅडो उचलली. घारीच्या पंखाखाली, मनगटाच्या पुढे बरीच मोठी पांढरट जागा आहे, आणि पोटाखाली शेपटीजवळ पण फिकं आहे. आमच्या गावातल्या रोजच्या घारींना इतकं पांढरं दिसत नाही.

---

दख्खनी_माळ | ९:०५

अरे, मग हे आधी सांगायचं ना! हिवाळ्यात उत्तरेकडून काळ्या कानाची घार येते. आपल्या घारीपेक्षा थोराड, पंख रुंद, आणि पंखाखालची पांढरी जागा मोठी. तुझ्या वर्णनाशी जुळतंय.

---

नाथसागर | ९:३०

घाई नको. आपल्या गावठी घारीच्या पहिल्या वर्षाच्या पिल्लालाही पांढरी जागा मोठी असते आणि अंगावर फिकट रेघा असतात. पहिल्या फोटोत छाती सावलीत आहे, रेघा आहेत की नाहीत ते शॅडो उचलूनही कळत नाही. दोन्हींच्या मधल्या दिसणाऱ्या घारीही भेटतात. मी वहीत 'घार' एवढंच लिहीन.

---

दख्खनी_माळ | ९:४२

मी नाही लिहिणार. किरण, १०:०४ च्या आगेमागे जेवढ्या फ्रेम आहेत तेवढ्या सगळ्या रॉ पाठव, अस्पष्ट असल्या तरी चालतील. मेल करतो पत्ता.

---

परभणीचा_पंक्चरवाला | ९:४४

आणि मुकादम काय म्हणाला तेही पाठव.